समुद्र खारट का, किती आणि कुठे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या खारटपणाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं शक्यतो आपल्याच दोन समुद्रांची घेतली आहेत. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर एकाच अक्षांशावर आहेत, दोन्हींवर तोच सूर्य तळपतो आणि तोच मान्सून येतो, तरी पाण्याचा खारटपणा मात्र वेगळा. असा शेजार जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. घाई असेल तर प्रश्न 5 आणि 6 वाचा, बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

1. समुद्राचं पाणी नेमकं किती खारट असतं?

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. शाळेच्या भूगोलात हेच 35‰ असं लिहिलेलं असतं. हजार भागांत पस्तीस भाग, म्हणजे साडेतीन टक्के. खाली जिथे नुसता आकडा दिला आहे, तिथे तो दर हजारी समजावा.

हे सगळं खायचं मीठ नव्हे. वजनाने पाहिलं तर या क्षारांत जवळपास 55 टक्के क्लोराईड आणि 30 टक्के सोडियम असतं. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम मोठे वाटेकरी. हे सहा धरले की 99 टक्के हिशेब संपतो.

उघड्या महासागरात क्षारता बहुतेक ठिकाणी 33 ते 37 च्या दरम्यान असते. फरक दिसायला बारीक आहे, पण पाणी बुडणार की तरंगणार हे ठरवायला एवढा पुरतो (प्रश्न 12).

2. हे मीठ आलं कुठून? नद्यांचं पाणी तर गोडं असतं.

नद्यांचं पाणी गोडं लागतं, पण त्यात क्षार नसतात असं नाही. जगातल्या नद्यांची सरासरी काढली तर एका लिटरमध्ये साधारण दहावा हिस्सा ग्रॅम क्षार असतात. जिभेला ते कळत नाहीत. चहाच्या भांड्याच्या बुडाशी साचणारा पांढरा थर मात्र त्याच जातीचा.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन खाली येतं, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी असतं. ते खडकांवर पडतं, झिरपतं, खडक हळूहळू कुजवतं आणि त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सुटं होऊन नदीवाटे समुद्राला मिळतं. आपला सह्याद्रीचा काळा कातळसुद्धा असाच झिजतो. जांभा हा त्याच झिजेनंतर मागे उरलेला गाळसाळ आहे. त्यातून जे धुऊन गेलं, ते समुद्रात गेलं.

क्लोराईडची गोष्ट वेगळी. साध्या खडकांत ते इतकं नसतंच. ते मुख्यतः पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखींच्या वायूंबरोबर, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडलं, आणि त्यातलं बहुतेक पृथ्वीच्या अगदी सुरुवातीच्या काळात. म्हणजे मिठातलं सोडियम खडकातलं आणि क्लोरीन ज्वालामुखीतलं, असा ढोबळ हिशेब.

तिसरा मार्ग समुद्राच्या तळाशी आहे. 1977 साली गॅलापागोस बेटांजवळ खोल तळावर गरम पाण्याचे झरे सापडले. तळाच्या भेगांमधून समुद्राचं पाणी आत शिरतं, तापतं, खडकाशी देवाणघेवाण करतं आणि पुन्हा वर येतं. या फेरीत मॅग्नेशियम खडकात जाऊन बसतं आणि कॅल्शियम पाण्यात येतं. त्यामुळे हे झरे नुसते क्षार आणून टाकत नाहीत, काही काढूनही घेतात.

3. नदीत कॅल्शियम जास्त आणि समुद्रात सोडियम-क्लोराईड जास्त, हे उलटं कसं?

कारण समुद्रात कोण किती साचणार हे तो किती येतो यापेक्षा किती काळ टिकतो यावर ठरतं.

एस.टी. स्टँडवर सकाळपासून दोन गावांचे प्रवासी येत आहेत असं समजा. एका गावाची गाडी दर दहा मिनिटांनी सुटते, दुसऱ्याची दिवसातून एकदाच. संध्याकाळी स्टँडवर गर्दी दुसऱ्या गावच्या लोकांचीच दिसेल, भले पहिल्या गावचे लोक दुप्पट आले असोत.

कॅल्शियमची गाडी सारखी सुटत असते. शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव ते कवचांसाठी उचलतात आणि मेल्यावर तळाशी नेऊन टाकतात. त्यामुळे कॅल्शियमचा एक अणू समुद्रात सरासरी दहा लाख वर्षांच्या आसपास राहतो. सोडियमला असा कुणी गिऱ्हाईक नाही, ते काही कोटी वर्षं राहतं. क्लोराईड त्याहूनही चिवट, त्याचा मुक्काम दहा कोटी वर्षांच्या घरात जातो.

4. मग समुद्र दिवसेंदिवस जास्त खारट होत चाललाय का?

नाही. निदान माणसाच्या किंवा मानवजातीच्या काळात तरी तसं म्हणता येत नाही.

एक हिशेब करून पाहू. जगभरच्या नद्या मिळून वर्षाला सुमारे 400 कोटी टन विरघळलेले क्षार समुद्रात आणतात. समुद्रात आज साधारण 5 कोटी अब्ज टन क्षार आहेत. भागाकार केला तर उत्तर सव्वा कोटी वर्षांच्या आसपास येतं. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं आहे. क्षार नुसते साचत गेले असते, तर एवढ्या काळात समुद्राचं लोणचं झालं असतं. म्हणजे आलेले क्षार कुठेतरी बाहेर पडत असलेच पाहिजेत.

याच हिशेबाने एकदा मोठी फसगत झाली होती. एडमंड हॅली, धूमकेतूवाला, याने 1715 मध्ये सुचवलं की समुद्राचा खारटपणा कसा वाढतो हे मोजून पृथ्वीचं वय काढता येईल. 1899 मध्ये जॉन जॉली या आयरिश शास्त्रज्ञाने सोडियम धरून तो हिशेब केला आणि उत्तर काढलं नऊ-दहा कोटी वर्षं. त्याच्या गणिताची पद्धत चोख होती, पण समुद्रातून सोडियम बाहेर जातं हे त्याने जवळपास धरलंच नव्हतं. त्यामुळे त्याने काढलेला आकडा पृथ्वीच्या वयाचा नसून प्रश्न 3 मधल्या मुक्कामाचा निघाला.

बाहेर पडायच्या वाटा अनेक आहेत. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर जमिनीवर जातात, क्षार गाळाच्या कणांमध्ये अडकतात, चिकणमातीला चिकटतात, तळाच्या खडकात मुरतात. सर्वांत मोठी वाट मात्र अधूनमधूनच उघडते: एखादा समुद्र महासागरापासून तुटतो आणि आटतो. सुमारे 59 ते 53 लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं असं झालं आणि त्याच्या तळाशी मिठाचे प्रचंड जाड थर बसले. ते आजही तिथे आहेत.

5. क्षार तेवढेच, तर मग एका ठिकाणी पाणी जास्त खारट आणि दुसरीकडे कमी, असं का?

या पानावरचा कळीचा प्रश्न हाच. क्षारांची आवक-जावक लाखो वर्षांच्या चालीने होते. आज, या वर्षी, या ठिकाणी पाणी किती खारट आहे हे गोड्या पाण्यावर ठरतं: किती वाफ होऊन गेलं आणि पावसाने, नद्यांनी किंवा वितळलेल्या बर्फाने किती आलं. वाफ जाते तेव्हा क्षार मागे राहतात. पाऊस पडतो तेव्हा नुसतं पाणी येतं.

समजा समुद्राचा वरचा 50 मीटरचा थर चांगला ढवळलेला आहे आणि त्याची क्षारता 36 आहे. त्यातलं 1 मीटर पाणी वाफ होऊन गेलं, तर उरलेल्या 49 मीटरमध्ये तेवढेच क्षार राहिले. 36 ला 50 ने गुणून 49 ने भागा, क्षारता 36.7 होते. आता उलट करू. थर पातळ, 20 मीटरचा, आणि त्यावर 5 मीटर गोडं पाणी येऊन मिसळलं. 36 ला 20 ने गुणून 25 ने भागा, क्षारता 28.8 वर येते. प्रत्यक्षात प्रवाह पाणी इकडचं तिकडे करतात म्हणून आकडे इतके सरळ येत नाहीत, पण दिशा हीच. थर किती जाड आहे याला गोड्या पाण्याइतकंच महत्त्व आहे हेही यातून दिसतं.

त्यामुळे जगाचा नकाशा साधारण असा: विषुववृत्ताजवळ उकाडा असूनही पाऊस भरपूर, म्हणून खारटपणा थोडा कमी. 20 ते 30 अंशांच्या पट्ट्यात आभाळ कोरडं आणि वारे सुके, म्हणून खारटपणा सर्वांत जास्त. ध्रुवांकडे वाफ कमी आणि बर्फाचं पाणी जास्त, म्हणून पुन्हा कमी. "जितकं गरम तितकं खारट" हे पाठ केलेलं वाक्य म्हणूनच विषुववृत्तावर फसतं.

6. अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा खारट का?

अरबी समुद्राच्या उत्तर आणि मध्य भागात पृष्ठभागाची क्षारता 36 च्या आसपास असते, काही ठिकाणी साडेछत्तीस. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ती 30 च्या खाली उतरते आणि नद्यांच्या मुखांसमोर त्याहूनही बरीच कमी असते.

अरबी समुद्राच्या एका बाजूला अरबस्तानचं वाळवंट आहे. तिथून येणारा वारा कोरडा असतो आणि वाटेत मिळेल तेवढी वाफ उचलतो. उत्तर भागात पावसातून परत मिळतं त्यापेक्षा वर्षाला मीटरभर किंवा त्याहून जास्त पाणी वाफ होऊन जातं. या समुद्राला मिळणारी मोठी नदी म्हणजे सिंधू, आणि तिचं बरंचसं पाणी आता धरणं-कालव्यांतच संपतं. त्यात पर्शियन आखात आणि तांबडा समुद्र हे दोन अतिखारट शेजारी आपलं जड पाणी आत सोडत असतात.

बंगालच्या उपसागरात सगळं उलटं. तिथे वाफेपेक्षा पाऊस जास्त पडतो, आणि वर नद्यांची रांग: गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा. एकट्या गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना मिळून वर्षाला हजार घन किलोमीटरहून जास्त पाणी ओततात, तेही बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये. गंमत अशी की गोदावरी आणि कृष्णा दोन्ही सह्याद्रीत, आपल्याकडे उगम पावतात. नाशिकचा आणि महाबळेश्वरचा पाऊस अरबी समुद्रावरच्या वाऱ्याने आणलेला, पण तो जाऊन मिळतो बंगालच्या उपसागराला. म्हणजे पश्चिम घाट एका समुद्राचं पाणी उचलून दुसऱ्याला देतो.

गोडं पाणी हलकं असतं. उपसागरात ते वरच तरंगतं आणि दहा-वीस मीटरचं झाकण बनून राहतं. वाऱ्याला हे झाकण सहज फोडता येत नाही, कारण खालचं खारट पाणी जड असतं. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात नेमकं दुसरं घडतं. वरचं पाणी आधीच खारट, त्यात थंड कोरडा वारा लागला की ते इतकं जड होतं की बुडायला लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी शंभर मीटरपर्यंत ढवळलं जातं, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि प्लवक फोफावतात.

7. कोकणात एवढा पाऊस पडतो, मग आपल्यासमोरचा समुद्र पावसाळ्यात गोडा का होत नाही?

होतो, पण फक्त किनाऱ्यालगत आणि थोडे दिवस. वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी यांच्या मुखासमोर जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ, कमी खारट पाण्याचा पट्टा दिसतो. होडीतून पाहिलं तर गढूळ आणि हिरवट पाण्याची सीमारेषा डोळ्यांना कळते, तिच्यावर फेस आणि पालापाचोळा जमलेला असतो.

तो फार पुढे जात नाही, कारण या नद्या तोकड्या आहेत. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचं अंतर पन्नास-साठ किलोमीटर असेल, तेवढ्यात किती पाणी गोळा होणार? नर्मदेसारखी मोठी नदी धरली तरी तिचं वर्षाचं पाणी गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघनेच्या विसाव्या हिश्श्याइतकंही भरत नाही. त्यातच पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. जोराचा वारा वरचा थर ढवळून जाड करतो, आणि जाड थरात गोडं पाणी हरवून जातं (प्रश्न 5 मधला हिशेब पाहा). शिवाय त्या दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि आलेलं पाणी केरळच्या बाजूला घेऊन जातो.

8. हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराचं पाणी येतं, हे खरं का?

खरं आहे. ऐकायला अतिशयोक्ती वाटते खरी. पावसाळा संपला की पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो आणि उपसागराच्या उत्तर भागातलं कमी खारट पाणी आंध्र, तमिळनाडूच्या कडेने खाली आणतो. हा पट्टा साधारण 100 किलोमीटर रुंद असतो. अभ्यासकांनी त्याला समुद्रातली नदीच म्हटलं आहे. त्याची मापं घेण्यात पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा मोठा वाटा होता. ठरल्या दिवशी बाटलीत पाणी भरून ठेवायचं, एवढंच काम, पण महागड्या जहाजांना इतक्या किनाऱ्याला इतक्या वेळा जाणं जमलं नसतं.

पुढे हे पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात शिरतं. डिसेंबर-जानेवारीत पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहत असतो, तो त्याला केरळ, कर्नाटकाच्या कडेने वर आणतो. वाटेत ते मिसळत जातं, त्यामुळे गोव्यापर्यंत पोचेतो फरक फारसा उरत नाही. जिभेला तर मुळीच कळणार नाही. उपकरणाला कळतो.

9. खाडीत वर गोडं आणि खाली खारट पाणी असतं का?

असू शकतं, पण कुठल्या महिन्यात पाहताय यावर आहे. गोव्याची मांडवी घ्या. जुलैमध्ये नदीचा लोंढा इतका असतो की पृष्ठभागाचं पाणी मुखापर्यंत जवळजवळ गोडं होतं, आणि खारट पाणी तळाशी पाचरीसारखं आत घुसलेलं राहतं. पाऊस थांबला की नदीचा जोर जातो, भरती-ओहोटी पाणी वरखाली घुसळते आणि दोन थरांचा फरक मिटतो. मग खारटपणा हळूहळू नदीतून वर चढू लागतो. एप्रिल-मे मध्ये तो मुखापासून कित्येक किलोमीटर आत गेलेला असतो, म्हणून पावसाळ्यात गोडं असलेलं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं.

नमुना घेणाऱ्याने वेळ लिहून ठेवावी. भरतीला आणि ओहोटीला एकाच धक्क्यावरून घेतलेल्या दोन बाटल्यांत दोन महिन्यांइतका फरक निघू शकतो.

10. खाडी किंवा आखात समुद्रापेक्षाही खारट असू शकतं का?

हो. नदी जवळजवळ नसेल आणि ऊन कडक असेल तर आत कोंडलेलं पाणी आटत जातं. कच्छचं आखात असंच आहे. मुखाकडून आत जावं तसा खारटपणा वाढतो आणि उन्हाळ्यात आतल्या टोकाला 40 च्या वर जातो. पर्शियन आखात आणि तांबड्या समुद्राचा उत्तर भाग हेही याच कारणाने 40 च्या आसपास असतात.

11. जगातला सर्वांत खारट समुद्र मृत समुद्र ना?

नावात समुद्र असला तरी ते सरोवर आहे, महासागराशी त्याचा संबंध नाही. त्याची क्षारता 340 च्या आसपास आहे आणि क्षारांची घडणही निराळी, त्यात मॅग्नेशियम सोडियमहून जास्त. खऱ्या समुद्रांत तांबडा समुद्र आणि पर्शियन आखात पहिल्या रांगेत. दुसऱ्या टोकाला बाल्टिक: मधल्या भागात 6 ते 8, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात त्याहूनही कमी.

12. खोल गेलं की खारटपणा वाढत जातो का?

सरसकट नाही. बंगालच्या उपसागरात वाढतो, कारण वर गोडं झाकण आहे. अरबी समुद्रात बहुतेक ठिकाणी तो खाली जाताना कमी होतो, कारण सर्वांत खारट पाणी वरच, वाफ होते तिथे तयार होतं. खूप खोल गेल्यावर दोन्हीकडे आकडा 35 च्या किंचित खाली येऊन स्थिरावतो.

मध्ये मात्र अडथळे लागतात. पर्शियन आखाताचं अतिखारट पाणी होर्मुझमधून बाहेर पडतं, आपल्याएवढंच जड पाणी भेटेपर्यंत बुडतं आणि साधारण 200 ते 300 मीटरवर आडवं पसरतं. तांबड्या समुद्राचं पाणी बाब-अल-मांदेबमधून येऊन आणखी खाली, 600 ते 800 मीटरच्या आसपास पसरतं. वरून खाली मोजत गेलं की आलेख उतरत असताना या खोलींवर मध्येच फुगतो. तो फुगवटा पाहून पाणी कुठलं हे सांगता येतं.

13. अटलांटिक पॅसिफिकपेक्षा खारट का? दोन्हीकडे नद्या आहेतच की.

नद्या तर अटलांटिकलाच जास्त मिळतात. ॲमेझॉन आणि काँगो दोन्ही त्याच्याच. तरी तो खारट आहे, कारण त्याची वाफ त्याच्याकडे परत येत नाही. पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे अटलांटिकवरची वाफ मध्य अमेरिकेच्या अरुंद पट्टीवरून पलीकडे नेतात आणि ती पॅसिफिकमध्ये पाऊस होऊन पडते. उलट दिशेला, पॅसिफिकवरून पश्चिमी वाऱ्यांनी निघालेली वाफ रॉकी आणि अँडीज पर्वत अडवतात, आणि तो पाऊस बराचसा पॅसिफिककडेच उतरतो.

14. समुद्राचं पाणी गोठलं की मीठही गोठतं का?

बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशाच्या आसपास गोठू लागतं आणि गोठताना क्षार बाहेर ढकलतं. काही खारं पाणी बारीक कप्प्यांत अडकतं, ते पुढे हळूहळू निथळतं. त्यामुळे बर्फ धरला की खालचं पाणी जास्त खारट होतं आणि बर्फ वितळला की वरचं गोडं. ध्रुवाकडे बर्फाच्या येण्याजाण्याने पाण्याचा खारटपणा वर्षभर असा वरखाली होतो.

15. बर्फ वितळून समुद्र गोडा होईल का?

पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्राची पातळी साधारण 65 ते 70 मीटर वाढेल. समुद्राची सरासरी खोली 3700 मीटर. प्रश्न 5 चाच हिशेब लावला तर 35 चे साधारण 34.4 होतात. गोडा होणं दूरच, चवीत फरक कळणार नाही.

चिंता आहे ती सरासरीची नाही, वाटणीची. गेल्या काही दशकांच्या मापांवरून दिसतं की जे भाग खारट होते ते आणखी खारट होत आहेत आणि जे कमी खारट होते ते आणखी सौम्य. हवा तापली की ती जास्त वाफ धरते, म्हणून कोरड्या पट्ट्यातून जास्त वाफ उठते आणि ओल्या पट्ट्यात जास्त पाऊस पडतो. समुद्रावरचा पाऊस मोजणं कठीण असतं, तेव्हा खारटपणा हाच एक मोठा पर्जन्यमापक ठरतो.

16. चक्रीवादळाशी खारटपणाचा काही संबंध आहे का?

आहे, उपसागरात तर नक्कीच. वादळ पुढे सरकतं तेव्हा समुद्र ढवळतं, आणि एरवी खालचं थंड पाणी वर येऊन त्याची शक्ती कमी करतं. उपसागरातलं गोडं झाकण (प्रश्न 6) हे ढवळणं अडवतं. थंड पाणी खालीच राहतं आणि वादळाला वरून गरम पाणी मिळत राहतं. अर्थात वादळ होणार की नाही हे वारे आणि हवेतली आर्द्रताही ठरवतात, एकट्या खारटपणावर भाकीत करू नये.

17. क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे सारखं असतं का?

पाणी 30 चं असो की 37 चं, त्यात क्लोराईड आणि सोडियम एकमेकांच्या त्याच प्रमाणात असतात. "चॅलेंजर" जहाजाने 1872 ते 1876 मध्ये जगभरातून आणलेले 77 नमुने विल्यम डिटमारने तपासले आणि 1884 मध्ये हे पक्कं केलं. फायदा मोठा: एकच घटक मोजला की बाकीचा हिशेब आपोआप होतो. पुढे कित्येक दशकं सिल्व्हर नायट्रेट घालून क्लोराईड मोजायचं आणि त्यावरून क्षारता काढायची हीच रीत होती.

अपवाद किनाऱ्याजवळ येतात, कारण नदीचे क्षार समुद्राच्या घडणीचे नसतात. 1902 मध्ये ठरलेल्या सूत्राचं पाहा:

```
S = 0.030 + 1.805 × Cl
```

क्लोराईड शून्य केलं तरी क्षारता 0.03 उरते. हे कसं? सूत्र बसवायला घेतलेल्या मोजक्या नमुन्यांत बाल्टिकचं पाणी होतं, आणि तिथे नद्या क्लोराईडविना कॅल्शियम आणून टाकतात. एका छोट्या समुद्राची खासियत साऱ्या महासागरांच्या सूत्रात जाऊन बसली. 1960 च्या दशकात ती काढून टाकली आणि नुसतं `S = 1.80655 × Cl` ठेवलं.

18. आता खारटपणा कसा मोजतात?

विजेवरून. क्षार जास्त तर पाण्यातून वीज सहज वाहते. अडचण एवढीच की तापमान एक अंशाने वाढलं तरी वीजवाहकता सुमारे दोन टक्के वाढते, म्हणून तापमान आणि खोलीही बरोबर मोजावी लागते. जहाजावरून दोरीने सोडायचं उपकरण ही तिन्ही मापं घेतं. आर्गो नावाचे हजारो स्वयंचलित तरंगक जगभर दोन किलोमीटर खोल बुडून वर येतात आणि आकडे उपग्रहाला पाठवतात. 2009 पासून उपग्रहही वरून पृष्ठभागाची क्षारता टिपतात, पण वरच्या एखाद्या सेंटिमीटरचीच, आणि किनाऱ्याजवळ त्यांचा आकडा जमिनीमुळे बिघडतो.

19. समुद्राचं पाणी कडवट का लागतं, आणि मिठागरातलं मीठ कडू का नसतं?

कडवटपणा मॅग्नेशियमच्या क्षारांचा. मिठागरात तो टाळतात तो क्रमामुळे. भरतीचं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात नेत आटवत जातात. पाणी मूळच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत आलं की जिप्सम खाली बसायला लागतं. दहाव्या हिश्श्यापर्यंत आलं की मीठ धरतं. मॅग्नेशियम सर्वांत शेवटी बसतं, म्हणून त्याआधीच उरलेलं घट्ट, कडू पाणी सोडून द्यायचं. लोभाने उशीर केला तर मीठ वजनाला जास्त भरतं, पण कडवट होतं आणि पावसाळ्यात पाझरतं, कारण मॅग्नेशियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढून घेतं.

20. घरी लिटरभर समुद्राचं पाणी आटवून, उरलेलं मीठ तोलून क्षारता काढता येईल का?

सोपं वाटतं, पण आकडा चुकतो. लिटरभर पाण्यातून 36 ग्रॅमच्या आसपास निघायला हवेत. वाळवणं हलकं ठेवलं तर मॅग्नेशियमचे क्षार स्वतःत पाणी धरून बसतात आणि वजन जास्त भरतं. ते पाणी घालवायला आच वाढवली तर मॅग्नेशियम क्लोराईड मोडतं, त्यातलं क्लोरीन आम्ल होऊन उडून जातं आणि वजन कमी भरतं. दोन्हींच्या मधली आच कुठली, हे ठरवता येत नाही. डिटमारच्या काळच्या लोकांनी तोलण्याचा नाद सोडून क्लोराईड मोजायला घेतलं ते याच कारणाने. शाळेच्या प्रकल्पासाठी करायचंच असेल तर पाणी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर वाळूच तोलली जाईल, आणि उत्तराशेजारी "दोन-तीन ग्रॅम इकडे-तिकडे" असं लिहा.